बसवण्णांचे वचन, रामानुजनांचे इंग्रजी आणि आपला निबंध

एम.ए. इंग्रजीला भाषांतरित कवितेवर निबंध लिहायचा असला की आमच्याकडची बरीच मुलं ए. के. रामानुजन यांच्या 'स्पीकिंग ऑफ शिवा' (१९७३) या पुस्तकाकडे वळतात. त्यातही बसवण्णांच्या त्या प्रसिद्ध कन्नड वचनाचं इंग्रजी भाषांतर: श्रीमंत शिवाची देवळं बांधतील, मी गरीब काय करू? माझे पाय हेच खांब, देह हेच देऊळ, डोकं हाच सोन्याचा कळस. आणि शेवटी, उभं आहे ते पडेल, चालतं आहे ते राहील. या निबंधांचे कच्चे खर्डे वाचायला माझ्याकडे येतात, आणि मी लाल पेन बहुतेक एकाच जागी उचलते: "बसवण्णा ओळ तोडून ताण निर्माण करतात."

रामानुजनांच्या पानावर 'द रिच' एवढंच पहिल्या ओळीत आहे, 'अ पुअर मॅन' एका वेगळ्या ओळीत एकटा आहे आणि 'डू?' हा प्रश्न त्याच्याही खाली. परिणाम जबरदस्त आहे, त्यावर लिहायलाच हवं. पण वचन म्हणजे बोललेलं. बाराव्या शतकातल्या या रचना छंदात बांधलेल्या नाहीत, आणि ताडपत्राच्या पोथीत मजकूर सलग लिहिला जाई. म्हणजे गरीब माणसाला ओळीत एकटं पाडलं ते रामानुजनांनी. वाक्याचा कर्ता बदला, "रामानुजन ओळ तोडतात" असं लिहा, की तेच निरीक्षण निर्धास्त उभं राहतं.

मग मूळच्या शैलीबद्दल काहीच बोलायचं नाही का? बोलायचं, पण आधी मूळ कानावर घालून घ्यायचं. कन्नड येत नसलं तरी देवनागरीत उतरवलेला पाठ मिळवता येतो: "उळ्ळवरु शिवालयव माडुवरु, नानेन माडलि बडवनय्या. एन्न काले कंब, देहवे देगुल, शिरवे होन्न कळसवय्या." पुढे "कूडलसंगमदेवा केळय्या", म्हणजे देवाला 'ऐक' अशी हाक. छापील प्रतींत एखाद्या शब्दाचा फरक दिसेल, त्याने इथे बिघडत नाही. कन्नड बोलणारं कुणी ओळखीचं असेल तर त्याला "हे सुंदर आहे का" असं विचारू नका, हो म्हणतील आणि विषय संपेल. नेमकं विचारा: कोणता तुकडा किती वेळा येतो? क्रियापद कुठे आहे? 'काले', 'देहवे' मधल्या शेवटच्या 'ए'ने काय होतं?

उत्तरं निबंधाला पुरून उरतात. 'अय्या' हे संबोधन एवढ्याशा वचनात तीनदा येतं. इंग्रजीत शेवटाकडे देवाला एकदा हाक मारली जाते, बाकी सलगी गेली. तो 'ए' म्हणजे आपला 'च': पायच खांब, देहच देऊळ. आणि मधल्या तिन्ही तुकड्यांत 'आहे' हे क्रियापदच नाही. मराठी वाचकाला हे चटकन ऐकू येतं. इंग्रजीला पहिल्या तुकड्यात तरी 'आर' घालावं लागतं, आणि 'च' तिथे उरत नाही.

शेवटची ओळ सगळ्यात फसवी. इंग्रजीत 'स्टँडिंग' आणि 'स्टे' यांचा आवाज एकमेकांना धरतो, 'फॉल' त्या दोघांच्या मधे येतो. एका मुलीने यावर अख्खा परिच्छेद लिहून हा नाद बसवण्णांच्या नावावर जमा केला होता. कन्नडमध्ये आहे "स्थावरक्कळिवुंटु, जंगमक्कळिविल्ल": स्थावराला नाश आहे, जंगमाला नाश नाही. तोल मूळचाच, पण तो साधलाय एकच शब्द दोनदा आणून, फक्त 'आहे'चं 'नाही' करून. शिवाय जंगम म्हणजे फिरता शिवभक्तही, हे सोलापूर-लातूरकडच्या वाचकाला सांगावं लागत नाही. इंग्रजी 'मूव्हिंग'मधून तो माणूस दिसत नाही.

याउलट काही दावे भाषांतरावरूनही बिनधास्त करता येतात. पायांपासून डोक्यापर्यंत वर चढत जाणारा क्रम, प्रश्नाकडून ठाम विधानाकडे जाणारी चाल, देहाला देऊळ करणारं रूपक: हे सगळं दोन्ही भाषांत तसंच आहे. पडताळायचं असेल तर दुसरं भाषांतर शेजारी ठेवा. दोन्हींत टिकतं ते बहुधा मूळचं. 'बहुधा' अशासाठी की दुसऱ्या भाषांतरकाराने पहिलं वाचलेलं असू शकतं.

एक उलटा आजारही आहे. इशारा मिळाला की काहीजण प्रत्येक वाक्याला "भाषांतरानुसार", "असे म्हणता येईल" अशी शेपटी लावतात. वाचवत नाही. पहिल्या परिच्छेदात एकदा स्पष्ट सांगा की निबंध रामानुजनांच्या इंग्रजी पाठावर आहे आणि कन्नड पाठ फक्त पुनरुक्ती, संबोधन आणि वाक्यरचना यांपुरता तपासला आहे. वचनाच्या लयीबद्दल आणि बाराव्या शतकातल्या कानाला ते किती घरगुती वाटत असेल याबद्दल मात्र तुम्ही काही म्हणू नका. तेवढ्यासाठी कन्नड शिकावी लागेल.