चुकीच्या पार्टिशनवर लिनक्स बसवले? फाइली परत मिळवताना या चुका टाळा

विंडोजच्या शेजारी लिनक्स बसवताना D: ड्राइव्हच पुसला गेल्याची हकिगत मी इतक्यांदा ऐकली आहे की समोरचा माणूस पुढे काय सांगणार, हे मला आधीच ठाऊक असते. विंडोज ज्या पार्टिशनला २०० जीबी म्हणते, तेच इन्स्टॉलरमध्ये बहुधा २१४.७ जीबी दिसते, कारण दोघांची जीबी मोजण्याची पद्धत निराळी आहे. D हे अक्षर तर लिनक्सला माहीतच नसते. मग ‘हे माझे नव्हे’ असे समजून नेमके तेच फॉरमॅट केले जाते.

त्यानंतरची सर्वांत महागडी चूक म्हणजे नवी लिनक्स चालूच ठेवणे. साध्या फिरत्या हार्ड डिस्कवर फॉरमॅट केल्याने जुना मजकूर पुसला जात नाही. त्यावर लिनक्सच्या ext4 या फाइल प्रणालीचा सांगाडा आणि प्रणालीच्या काही जीबी फाइली तेवढ्या लिहिल्या जातात, आणि उरलेली जागा जशीच्या तशी असते. पण ext4 आपले आयनोड तक्ते, म्हणजे फाइलींच्या नोंदींची जागा, फॉरमॅटच्या वेळी पूर्ण लिहीत नाही. पार्टिशन जोडल्यानंतर, म्हणजे माउंट केल्यानंतर, ते मागच्या मागे शून्यांनी भरले जातात आणि नेहमीच्या मांडणीत सुमारे दीड टक्का, म्हणजे २०० जीबीत तीनेक जीबी जागा घेतात. तुम्ही नुसते पडद्याकडे बघत बसलात तरी हे काम चालूच राहते.

माझ्या एका परिचिताने नेमके हेच केले. चूक लक्षात आल्यावर त्याने त्याच लिनक्समध्ये दोन दिवस उपाय शोधले, मध्येच सगळे अपडेट उतरवले, हरवलेल्या फाइली शोधणारे फोटोरेकही तिथेच बसवले आणि सापडलेल्या फाइली होम फोल्डरमध्ये, म्हणजे ज्या पार्टिशनमधून त्या काढायच्या होत्या त्याच पार्टिशनवर, साठवल्या. पहिल्या तासातच चाळीस जीबी सापडले म्हणून तो खूश होता. त्या चाळीस जीबींखाली काय गाडले गेले, हे त्याला मी सांगेपर्यंत कळले नव्हते.

म्हणून चूक कळताच संगणक बंद करावा, लाइव्ह यूएसबीवरून सुरू करावा आणि ते पार्टिशन न जोडता त्याची संपूर्ण प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, बाहेरच्या डिस्कवर एका फाइलीत घ्यावी. बाहेरची डिस्क FAT32 असेल तर चार जीबीपेक्षा मोठी फाइल तिच्यावर मावत नाही, हे आधी पाहून घ्यावे. पार्टिशनचे नाव मी आकारावरून कधीच ठरवत नाही. `lsblk -f` आणि पार्टिशनांचा क्रम दोन्ही पाहतो आणि कागदावर लिहून ठेवतो.

```
sudo ddrescue -d /dev/sda5 /mnt/bahya/sda5.img /mnt/bahya/sda5.map
```

यातील `sda5` आणि `/mnt/bahya` आपापल्या संगणकाप्रमाणे बदलावेत. डेबियन आणि उबुंटूमध्ये या आज्ञेचे पॅकेज `gddrescue` नावाने मिळते. शंभर एमबी प्रति सेकंद या वेगाने २१५ जीबीला छत्तीस मिनिटे लागतात. तेवढाही धीर नसलेल्यांना मी मदत करणे सोडून दिले आहे. पुढचे सगळे प्रयोग या प्रतिमेवर करावेत.

दुसरी चूक घाईतून होते: आधीच फोटोरेक चालवणे. ते फाइलींच्या सुरुवातीच्या खुणा ओळखून मजकूर उचलते, त्यामुळे मूळ नावे आणि फोल्डर मिळत नाहीत आणि तुकड्यांत विखुरलेला मोठा व्हिडिओ बहुधा चालत नाही. नावे विंडोजच्या एनटीएफएस या फाइल प्रणालीच्या एमएफटी या तक्त्यात असतात. विंडोजने फॉरमॅट केलेल्या पार्टिशनवर तो साधारणपणे सुरुवातीपासून तीन जीबी अंतरावर सुरू होतो आणि त्यातील प्रत्येक नोंद FILE या चार अक्षरांनी ओळखता येते. ext4 ने त्याचा काही भाग खाल्ला तरी उरलेल्या नोंदी उपयोगी पडतात. म्हणून आधी डीएमडीई किंवा रिक्युपराबिटसारख्या, या नोंदी जुळवणाऱ्या साधनाने प्रतिमा तपासावी. माझ्या परिचिताच्या डिस्कवर निम्म्याहून अधिक फोल्डर अशा रीतीने नावांसह परतले. जे परतले नाहीत, त्यांच्यासाठी मग फोटोरेक ‘Free’ पर्यायाने चालवले, म्हणजे नव्या लिनक्सची हजारो चित्रचिन्हे गाळली गेली.

पार्टिशन तक्ता दुरुस्त करणाऱ्या टेस्टडिस्कमध्ये ‘Write’ दाबू नये. पार्टिशन तक्ता बिघडलेलाच नाही. बिघडले आहे ते पार्टिशनच्या आत. जुना बूट सेक्टर परत आणून वर विंडोजची `chkdsk` चालवणे तर त्याहून वाईट, कारण ती आज्ञा अर्धवट नोंदी दुरुस्त करण्याच्या नावाखाली काढून टाकते.

डिस्क एसएसडी असेल तर वरील बऱ्याच गोष्टी लागू होत नाहीत. `mkfs.ext4` शक्य असेल तिथे फॉरमॅट करतानाच संपूर्ण पार्टिशन रिकामे झाल्याचे एसएसडीला कळवते, आणि त्यानंतर तो भाग वाचल्यास बहुधा शून्येच मिळतात. प्रतिमेत नव्या प्रणालीबाहेर सगळीकडे शून्ये दिसली, तर कोणतेही विकतचे सॉफ्टवेअर त्यातून फाइली काढू शकत नाही. अशा वेळी मी शोध थांबवायला सांगतो आणि जुन्या पेन ड्राइव्ह, ईमेलमधील जोडण्या आणि फोन तपासायला लावतो.