भेंडीवर हळद्या दिसला: आधी फवारायचं की आधी उपटायचं?

जानेवारीच्या शेवटी आणि फेब्रुवारीत टोकलेली उन्हाळी भेंडी आता चार-सहा पानांवर आहे. पुरंदर, दौंड, शिरूर पट्ट्यात दरवर्षी याच सुमारास एक फोटो मोबाइलवर फिरू लागतो. पान हिरवं, पण शिरा पिवळ्या, हळदीच्या दोऱ्याने जाळी विणल्यासारख्या. फोटोखालचा प्रश्नही ठरलेला असतो: "कोणतं औषध मारू?"

या रोगाला आपल्याकडे हळद्या म्हणतात, कुठे केवडा म्हणतात. तो विषाणूजन्य आहे आणि पांढरी माशी तो पसरवते. पिवळं पडलेलं झाड पुन्हा हिरवं करणारं औषध दुकानात नाही. माशी मारायची औषधं आहेत, पण माशी मारणं आणि रोग थांबवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फवारणीवरचे पैसे वाया जातात ते हा फरक ध्यानात न घेतल्याने.

आधी रोग तोच आहे ना, ते बघा. पान तोडून उन्हाकडे धरा. शिरा पिवळ्या आणि मधला भाग हिरवा असेल, तर हळद्या. उलट शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल, तर ती बहुधा लोहाची कमतरता. आपल्या चुनखडीच्या रानात ती सर्रास दिसते आणि शेंड्याच्या कोवळ्या पानांवर आधी येते. पानाच्या कडा पिवळ्या-तांबूस होऊन वर वळत असतील, तर पान उलटून तुडतुडे शोधा. हळद्या पुढे वाढला की बारीक शिराही पिवळ्या होतात, मग अख्खं पान फिकट पडतं आणि भेंडी आखूड, पांढरट, राठ निघते. ती खायला अपायकारक नाही, पण मार्केट यार्डात तिला गिऱ्हाईक नाही.

माशी रोग कसा पसरवते, तेही नीट कळायला हवं. रोगट झाडावर माशी थोडा वेळ बसून रस शोषते, तेव्हा विषाणू तिच्या पोटात जातो. काही तासांनी ती तो दुसऱ्या झाडाला देऊ शकते आणि पुढे कित्येक दिवस, बहुतेकदा मरेपर्यंत, देत राहते. निरोगी झाडावर बसल्यावर रोग द्यायला तिला तासभरसुद्धा लागत नाही. बहुतेक औषधांनी माशी मरायला त्याहून जास्त वेळ जातो. म्हणजे शेजारच्या जुनाट, रोगट भेंडीतून उडून आलेली माशी तुमच्या फवारलेल्या भेंडीवर मरते खरी, पण मरायच्या आधी आपलं काम करून जाते. फवारणीने आतल्या आत होणारा फैलाव कमी होतो, बाहेरून येणारा पहिला रोग अडत नाही.

दुसरी गोष्ट काळाची. विषाणू शिरल्यापासून शिरा पिवळ्या दिसेपर्यंत साधारण दहा ते वीस दिवस जातात. आज रानात पन्नास झाडं पिवळी दिसत असतील, तर तो दोन आठवड्यांपूर्वीचा हिशेब आहे. हिरव्या दिसणाऱ्या झाडांपैकीही काहींमध्ये रोग मुरतो आहे. "काल फवारलं तरी आज नवी झाडं पिवळी कशी?" या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. औषध बनावट असेलच असं नाही.

रोग बियाण्यातून येत नाही, तोडणीच्या हाताला किंवा विळ्याला लागूनही पसरत नाही. मातीतूनही नाही. बियाणं विकणाऱ्याशी त्यावरून भांडण्यात अर्थ नाही. वाहक एकच, पांढरी माशी.

आता एका रानाची गोष्ट, सासवडच्या बाजूची. वीस गुंठे, ठिबक, अंतर 60 बाय 30 सेंटिमीटर, म्हणजे सुमारे अकरा हजार झाडं. आदल्या वर्षी या शेतकऱ्याने एकही झाड उपटलं नव्हतं. तिसऱ्या आठवड्यापासून दर सहा-सात दिवसांनी फवारणी, त्यातही तीनदा एकच इमिडाक्लोप्रिड आणि एकदा मित्राच्या सांगण्यावरून सिंथेटिक पायरेथ्रॉइड. पंचेचाळिसाव्या दिवशी, तोडा सुरू होतो ना होतो तोच, निम्मं रान पिवळं. सिंथेटिक पायरेथ्रॉइडने मित्रकीटक जातात आणि माशी उलट वाढते, हे त्याला नंतर कळलं.

पुढच्या वर्षी त्याने पेरणीच्या आधीपासून बदल केले. वाऱ्याच्या बाजूने, भेंडीच्या पंधरा दिवस आधी, मक्याच्या तीन ओळी दाट लावल्या. माशी फार उंच उडत नाही, वाऱ्याबरोबर येते आणि मक्याच्या भिंतीवर बऱ्याच जणी अडकतात. सगळ्या नाही. गादीवाफ्यावर चंदेरी-काळा मल्चिंग पेपर टाकला, चंदेरी बाजू वर. त्यावरून परावर्तित होणाऱ्या उजेडाने माशी बिचकते. झाडांनी कागद झाकला की हा फायदा संपतो, पण तोवर चाळीस-एक दिवस निघून गेलेले असतात, आणि आपल्याला तेवढेच दिवस हवे असतात. बियाणं इमिडाक्लोप्रिड 48 एफएस लावलेलं होतं. तुमचं बियाणं साधं असेल तर किलोला 5 ते 9 मिली हे प्रमाण आहे. पाकिटातलं बी लाल-निळं दिसत असेल तर बियाण्याला आधीच औषध लावलेलं असतं, पुन्हा लावू नका.

अठ्ठाविसाव्या दिवशी त्याला पहिली 64 पिवळी झाडं सापडली. त्यातली पन्नासच्या वर एकाच कडेला होती, जिथे बांधापलीकडे शेजाऱ्याची संपत आलेली भेंडी उभी होती. ही मांडणी बघण्यासारखी असते. रोग कडेला दाटलेला असेल तर तो बाहेरून येतोय. रानभर ठिपक्यांसारखा विखुरलेला असेल तर माशी आत वसली आहे, पानाखाली तिची पिल्लं सापडतील.

अकरा हजारांत 64 म्हणजे शंभरात एकसुद्धा नाही. इथे उपटणं परवडतं. पण त्याने लगेच हात घातला नाही, कारण झाड हलवलं की पानाखालच्या माश्या उडून शेजारच्या हिरव्या झाडावर बसतात आणि आपणच रोग वाटत जातो. आदल्या संध्याकाळी त्याने टोलफेनपायराड 15 ईसी फवारलं. वीस गुंठ्याला 100 लिटर पाण्यात 200 मिली, पानाच्या खालच्या बाजूला, नोझल खालून वर धरून. बियाण्याला लावलेल्या औषधाच्या गटातलं औषध त्याने मुद्दाम टाळलं, नाहीतर माशी त्याला निर्ढावते. दुसऱ्या दिवशी उजाडता, गारव्यात माशी सुस्त असताना, झाडं उपटून लगेच पोत्यात भरली आणि बांधावर न टाकता खड्ड्यात पुरली. फवारलेली झाडं जनावरांना घालायची नाहीत.

पस्तिसाव्या दिवशी आणखी 140 निघाली. हा आकडा बघून त्याचा धीर सुटला होता, आणि तेव्हाच बहुतेक जण हात आखडतात. पण ही 140 आधीच्या पंधरवड्यातली लागण होती. शेजाऱ्याला भेटून त्याची भेंडी काढायला लावली होती, त्याचा परिणाम दिसायला वेळ लागणारच. मध्ये एकदा पाच टक्के निंबोळी अर्क फवारला. बेचाळिसाव्या दिवशी 55 सापडली. उपटलेली सगळी मिळून 259, म्हणजे अडीच टक्क्यांच्या आत.

त्यानंतर त्याने उपटणं थांबवलं, आणि ते बरोबर केलं. जुन्या अभ्यासांत पस्तिसाव्या दिवसापर्यंत लागण झाली तर नुकसान नव्वद टक्क्यांच्या वर, पन्नासाव्या दिवशी झाली तर ऐंशीच्या वर आणि पासष्टाव्या दिवशी झाली तर निम्म्याच्या आसपास आढळलं आहे. लहान झाडाला लागण झाली तर ते जवळजवळ काहीच देत नाही आणि शेजाऱ्यांना मात्र रोग देतं, म्हणून ते काढायचं. तोडा सुरू झालेलं झाड अजून भेंडी देणार असतं, त्याला उपटून काय मिळवणार? माझ्या मते पहिल्या पंचेचाळीस दिवसांत रोगट झाडं पाच टक्क्यांच्या आत असतील तर उपटा. दहाच्या वर गेली तर उपटण्याची मजुरी वाया जाते. महिन्याच्या आतच निम्मं रान पिवळं झालं असेल तर सरळ मोडा आणि दुसरं पीक घ्या.

साठाव्या दिवशी त्याच्या रानातही सातआठशे झाडं पिवळी होती. रोग गेला नाही, लांबला. पण तोवर एकाआड एक दिवस असे सात तोडे झाले होते आणि पुढेही रान चालू राहिलं.

तोडा सुरू झाल्यावर औषधाचं गणित बदलतं. एकाआड एक दिवस भेंडी तोडायची आणि लेबलवर फवारणी ते तोडणी तीन, पाच किंवा सात दिवसांचं अंतर लिहिलेलं, हे जुळत नाही. तेव्हा निंबोळी अर्कावर राहा, किंवा एक-दोन तोडे सोडायची तयारी ठेवूनच फवारा. सोडलेली निबर भेंडी फेकून द्यायची. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला बंदी आहे, तरी अजून कुणी कुणी "जुनं ते बरं" म्हणून मागतं. देऊ नका, घेऊ नका. फुलावर मधमाश्या असतात, म्हणून फवारणी संध्याकाळीच.

पिवळे चिकट सापळे एकरी दहा-बारा, झाडाच्या शेंड्याच्या उंचीला लावा, पण त्यांच्याकडून रोग थांबण्याची आशा नको. माशी कुठल्या बाजूने आणि कधी वाढतेय हे ते सांगतात. तेवढ्यासाठी ते हवेतच.

वाणांबद्दल विचारतात म्हणून. या रोगाची पहिली नोंद 1924 साली मुंबई इलाख्यातून झाली, तीही पुण्याच्या शेतकी कॉलेजच्या नियतकालिकात. तेव्हापासून वाण आणि विषाणू यांची शर्यत सुरू आहे. पुसा सावनी सुरुवातीला टिकली, मग बळी पडली. परभणी क्रांती आणि अर्का अनामिका रानभेंडीच्या जातीकडून प्रतिकारशक्ती घेऊन आल्या, पण आता त्याही बऱ्याच ठिकाणी पिवळ्या पडतात. पाकिटावर "सहनशील" लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ एवढाच, की रोग उशिरा आणि कमी येईल. गावात गेल्या हंगामात कुठला वाण सत्तर दिवस हिरवा राहिला, ते शेजाऱ्याच्या रानात जाऊन बघा आणि तोच घ्या.

खरिपाची भेंडी जूनमध्ये टोकायची असेल तर उन्हाळी रान शेवटच्या दोन-चार तोड्यांच्या लोभाने उभं ठेवू नका. मे संपायच्या आत ते काढा, बांधावरची रानभेंडी आणि ओसाडीही काढा. पांढऱ्या माशीची एक पिढी उन्हाळ्यात साधारण तीन आठवड्यांत पुरी होते. तेवढे दिवस तरी शिवारात पिवळी भेंडी दिसता कामा नये. एकट्याने केलं तर उपयोग अर्धाच, बांधाला बांध लागलेल्या तीन-चार जणांनी एकाच आठवड्यात रान मोकळं केलं तर पुढचा अठ्ठाविसावा दिवस बराच हलका जातो.