आरशावरचे टूथपेस्टचे शिंतोडे आणि हेअरस्प्रेचा थर: फराटे न उठवता कसे काढावेत

बेसिनवरच्या आरशावर दोन वेगळ्या प्रकारची घाण बसते. टूथपेस्टच्या शिंतोड्यात खडूसारखी बारीक पूड असते आणि तिला धरून ठेवणारा चिकटा. हा चिकटा पाण्याने सुटतो. हेअरस्प्रे म्हणजे अल्कोहोलमध्ये विरघळवलेला राळेसारखा पदार्थ. अल्कोहोल उडून जातं आणि काचेवर पातळ पापुद्रा उरतो. त्यावर नुसतं पाणी फिरवलं की तो ओलसर चिकट होऊन पसरतो, आणि वाळला की फराटे दिसतात. म्हणून आधी टूथपेस्ट पाण्याने काढायची आणि मग हेअरस्प्रे स्पिरिटने.

सामान फार नाही: तीन मायक्रोफायबरचे फडके, कोमट पाणी, भांड्यांचं लिक्विड आणि मेडिकलमधून आणलेलं ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल. सर्जिकल स्पिरिट घेणार असाल तर लेबल वाचा. काहींमध्ये एरंडेल असतं, आणि ते काचेवर तेलकट थर सोडतं. सॅनिटायझरचं जेल तर नकोच, त्यातलं ग्लिसरीनही असंच मागे राहतं.

उदाहरण म्हणून वाघोलीतला माझ्या वहिनीच्या फ्लॅटमधला आरसा घेऊ, साधारण दोन फूट बाय दीड फूट. घरात लग्न होतं, सकाळभर तिघीजणींचे अंबाडे त्या एकाच आरशापुढे बसवले गेले. वरचा अर्धा भाग धुरकट, खाली नळाजवळ पांढरे ठिपके. नुसतं बघून पापुद्रा कुठवर आहे ते कळत नाही. तोंडाने हा करून वाफ सोडायची. स्वच्छ काचेवर ती सारखी धरते आणि सारखी उडते, पापुद्र्यावर मात्र डागाडागांनी. बोट फिरवलं तर ते तिथे अडखळतं.

पहिला फडका कोमट पाण्यात बुडवून पिळा आणि ठिपक्यांवर दोन-तीन मिनिटं दाबून ठेवा. ही दोन मिनिटंच खरं काम करतात. कोरडा ठिपका नखाने किंवा पातेल्याच्या घासणीने खरवडायचा मोह आवरा, कारण त्या पुडीसोबत धुळीचा एखादा खडा असला तर काचेवर कायमचा ओरखडा उठतो. भिजलेला ठिपका फडक्याने अलगद उचलला जातो. जुना, हट्टी डाग असेल तर वाटीभर पाण्यात लिक्विडचा एकच थेंब घाला. जास्त घातलंत तर तो साबण काढायला वेगळी खटपट. नंतर साध्या ओल्या फडक्याने एकदा पुसून आरसा कोरडा करा.

आता स्पिरिट. ते भडकन पेट घेतं. पुण्यात कितीतरी बाथरूममध्ये गॅसचा गीझर असतो. तो आधी बंद करा, खिडकी उघडा, एक्झॉस्ट लावायचा असेल तर आधीच लावून ठेवा. दोन चहाचे चमचे स्पिरिट दुसऱ्या फडक्यावर घ्या, आरशावर ओतू किंवा फवारू नका. ओघळ खाली कडेला जाऊन मागच्या थरात शिरतो आणि काही महिन्यांनी तिथे काळे डाग धरतात.

वरून सुरुवात करून वीतभर रुंदीचा भाग घ्या. स्पिरिटने पुसा, ते ओलं असतानाच फडक्याची कोरडी बाजू त्यावर फिरवा, मग पुढचा भाग. फडका चिकट लागायला लागला की घडी बदला. इथेच बहुतेकांचं बिनसतं: राळ विरघळून फडक्यावर आलेली असते, आणि तीच बाजू परत फिरवली की ती पुन्हा काचेवर जाते. दाट थराला दोन हात लागतात. वहिनीच्या आरशाला वरच्या भागात दोन, खाली एक पुरला.

इतकं करूनही तिथे पांढुरकी झाक राहिली. तिच्या सोसायटीत बोअर आणि टँकरचं पाणी येतं आणि त्यातले क्षार वाळल्यावर दिसतात. शेवटचा हात स्वयंपाकघरातल्या आरओच्या पाण्याने फडका जेमतेम दमट करून फिरवला आणि लगेच तिसऱ्या कोरड्या फडक्याने पुसलं. खडकवासल्याचं पाणी येतं त्या घरांत याची गरज सहसा पडत नाही.

शेवटी मोबाइलची टॉर्च आरशालगत तिरकी धरा. समोरून न दिसणारे फराटे लगेच दिसतात. वाफेची परीक्षा पुन्हा घ्या, आणि जिथे ती डागाडागांनी धरते तेवढ्याच जागी स्पिरिट लावा, अख्खा आरसा परत पुसत बसू नका. कडेला आधीपासून काळे डाग असतील तर ते मागचा चांदीचा थर गेल्याचे असतात, पुढून कितीही घासलं तरी निघत नाहीत.

फडके धुताना कम्फर्टसारखं काही घालू नका. त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि पुढच्या वेळी तोच काचेवर उतरतो.