गर्दीत ब्लूटूथ जोडताना: ते सहा आकडे नीट वाचा

नवं उपकरण पहिल्यांदा घरीच जोडा. लोकलच्या डब्यात, फलाटावर किंवा लग्नाच्या हॉलमध्ये नाही. एकदा जोडणी झाली की दोन्ही उपकरणं एकमेकांची किल्ली साठवून ठेवतात. पुढच्या वेळी त्यांना एकमेकांना शोधावं लागत नाही, त्यामुळे बाहेर पडताना काहीच उघडं ठेवायची गरज उरत नाही.

आधी फोनचं नाव बदला. बहुतेक फोनवर आपलं नाव किंवा मॉडेल असतं आणि शोधणाऱ्या प्रत्येकाला तेच दिसतं. आडनाव तर अजिबात नको.

मग दोन्हीकडचं ब्लूटूथ चालू करा, यादीतून नाव निवडा. इथपर्यंत सोपं आहे.

आता स्क्रीनवर सहा आकडे येतात, आणि लोक चुकतात ते इथेच. आपल्याला ओटीपीची सवय आहे, म्हणून हे आकडेही लपवून ठेवायचे असं वाटतं. पण दोन्ही स्क्रीनवर आकडे दिसत असतील तर ते गुपित नसतात, शेजाऱ्याने पाहिले तरी बिघडत नाही. दोन्ही उपकरणं आपापल्या किल्ल्यांवरून एकच आकडा स्वतंत्रपणे काढतात. मध्ये तिसरं कोणी घुसलं, तर प्रत्यक्षात त्या तिसऱ्याशी दोन वेगळ्या जोडण्या होतात आणि दोन स्क्रीनवरचे आकडे जुळत नाहीत. योगायोगाने जुळण्याची शक्यता दहा लाखांत एक. म्हणजे सगळं संरक्षण तुमच्या डोळ्यांवर आहे. न वाचता `Pair` दाबलंत, तर ते आकडे असून नसल्यासारखेच.

मी हे केलं आहे. पुण्याला जाताना गाडीत लॅपटॉप फोनला जोडत होतो. फोनची ब्लूटूथ स्क्रीन उघडी होती, आणि ती उघडी असेपर्यंत फोन आसपासच्या सगळ्यांना दिसतो. विचारणा आली, माझ्याच लॅपटॉपच्या मॉडेलचं नाव होतं, मी दाबून मोकळा झालो. लॅपटॉपवर मात्र अजून काहीच आलं नव्हतं. तिथली विचारणा नंतर आली, तीही वेगळ्या आकड्यांची. फोनच्या यादीत एकाच नावाचे दोन लॅपटॉप दिसले तेव्हा कळलं की पहिला डब्यातल्या दुसऱ्या कुणाचा तरी होता. त्याहून वाईट म्हणजे विचारणेखालच्या चौकटीत खूण तशीच राहिली होती: संपर्क आणि कॉलची यादी बघू द्यायची का? कारमधल्या स्पीकरफोनसाठी ती सोय ठीक आहे. एरवी ती खूण दर वेळी काढा.

म्हणून माझा नियम पक्का आहे. दोन्ही स्क्रीनवर आकडे दिसत नाहीत तोवर बोट हलवायचं नाही. एका स्क्रीनकडून सगळे सहा वाचायचे, दुसरीकडे पडताळायचे, मगच दाबायचं. आपण सुरू न केलेली विचारणा आली तर सरळ नाकारा आणि ब्लूटूथची स्क्रीन बंद करा. ‘कोणीतरी चुकून पाठवलं असेल’ म्हणून स्वीकारू नका.

एक अपवाद लक्षात ठेवा. कीबोर्ड जोडताना स्क्रीनवरचा आकडा कीबोर्डवर टाइप करावा लागतो. तो आकडा मात्र कुणाला दिसू देऊ नका.

इअरबड्स आणि स्पीकरना स्क्रीनच नसते, त्यामुळे जुळवायला काही नसतं. जोडणीच्या अवस्थेत जो आधी येईल त्याला ते घेतात, आणि मध्ये कोणी आलं तरी कळायला मार्ग नाही. म्हणूनच घरी जोडण्याचा माझा आग्रह. बाहेर जोडावंच लागलं तर गर्दीपासून लांब जा. साध्या उपकरणांची ब्लूटूथची पोच साधारण दहा मीटर असते, पण ताकदवान अँटेना लांबूनही ऐकू शकतो.

जोडणी संपली की फोनची ब्लूटूथ स्क्रीन बंद करा. विंडोजवर ब्लूटूथच्या जादा सेटिंगमध्ये `Allow Bluetooth devices to find this PC` ही खूण काढा. लिनक्सवर `bluetoothctl` मध्ये ही आज्ञा द्या:

```
discoverable off
```

मात्र न दिसणं म्हणजे न सापडणं नाही. उपकरणाचा पत्ता माहीत असेल तर त्याच्याशी बोलता येतं. 2023 साली CVE-2023-45866 हा दोष जाहीर झाला. त्यात अँड्रॉइड फोनवर ब्लूटूथ नुसतं चालू असलं तरी जवळचा माणूस खोटा कीबोर्ड बनून तुमच्या संमतीविना कळा दाबू शकत होता. अँड्रॉइड 11 ते 14 साठी दुरुस्ती डिसेंबर 2023 च्या सुरक्षा अपडेटमध्ये आली. अँड्रॉइड 10 किंवा त्याआधीचा फोन असेल तर गर्दीत ब्लूटूथ बंदच ठेवा. नव्या फोनमध्ये सुरक्षा अपडेटची तारीख पाहा.

शेवटी जोडलेल्या उपकरणांची यादी उघडा. भाड्याची गाडी, विकलेला स्पीकर, ओळख न पटणारं नाव, जे दिसेल त्यावर `Forget` दाबा. आणि भाड्याची गाडी परत देताना तिच्या स्क्रीनवरूनही तुमचा फोन काढून टाका, कारण तुम्ही फोनमधून विसरलात तरी गाडीने उतरवून घेतलेले संपर्क तिथे राहू शकतात.