पुणे–महाबळेश्वर सहल: बसमधली पहिली दहा मिनिटं

सहलीच्या बसवर गाईड म्हणून नवीन लागणारी मुलंमुली मला बहुतेक वेळा एकच गोष्ट विचारतात: माईक हातात आला की सुरुवात कशी करायची? मी सहा वर्षं पुण्याहून महाबळेश्वरची एक दिवसाची सहल नेते. पहिल्या हंगामात माझं स्वागताचं भाषण पंधरा मिनिटांचं होतं. त्यात रास्त्यांनी 1762 साली बांधलेला वाईचा ढोल्या गणपती होता, क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरातल्या पाच नद्या होत्या, थोडी शिवकालीन माहितीही होती. घरी आरशासमोर उभं राहून मी ते पाठ केलं होतं.

त्याच हंगामात एका सहलीत पाचव्या रांगेतल्या एक आजी दुपारी जेवणाच्या टेबलावर चक्कर आल्यासारख्या बसून राहिल्या. पाणी दिलं, मीठ-साखर दिली, थोड्या वेळाने तरतरी आली. मग त्या हळूच म्हणाल्या, "अगं, सकाळपासून पाणीच प्यायले नाही. गाडी कुठे थांबणार, कुठे नाही, काय माहीत? उगाच मध्येच थांबवायला सांगायचं म्हणजे लाज वाटते." माझ्या पंधरा मिनिटांच्या भाषणात बस कुठे थांबणार हे एका वाक्यात येऊन गेलं होतं, तेही शेवटी. तोवर ऐकतं कोण? त्या दिवशी घरी येऊन मी भाषण फाडलं आणि नव्याने लिहिलं.

पहिली गोष्ट म्हणजे बोलायचं कधी. स्वारगेटला सहा वाजता बस सुटते तेव्हा बोलू नका. लोक बॅगा वर ठेवत असतात, खिडकीवरून नवरा-बायकोत वाटाघाटी चालू असतात, आणि कात्रजचा पिकअप बाकी असतो. तिथे चढणाऱ्या आठ-दहा जणांसाठी सगळं परत सांगावं लागतं आणि आधीचे लोक कंटाळतात. स्वारगेटला फक्त नमस्कार करा आणि सीट नंबर बघून बसवा. कात्रज झालं, नवा बोगदा पार केला, रस्ता सरळ लागला की माईक हातात घ्या. साडेसहाची वेळ असते. लोक जागे असतात, अजून डुलक्या लागलेल्या नसतात. तीन ते चार मिनिटं मिळतात, तेवढीच वापरा.

हायवेवर मी जे बोलते ते असं:

"नमस्कार मंडळी. आपल्या सहलीत सगळ्यांचं स्वागत. मी तुमची गाईड. गाडी चालवतायत ते आपले मामा, आणि दारापाशी आहे तो आपला क्लीनर, सामान उतरवायला-चढवायला त्याला हाक मारा. आधी थांबे सांगते. पहिला थांबा शिरवळला, सव्वासात वाजता. तिथे चहा, नाश्ता आणि स्वच्छतागृह. तिथून पावणेआठला निघायचं. दुसरा थांबा वाई, साधारण पावणेनऊला, गणपतीचं दर्शन. वाईत गर्दीत स्वच्छतागृह शोधण्यात वेळ जातो, म्हणून शिरवळलाच जाऊन या. मग पाचगणी, आणि एक वाजता महाबळेश्वरला जेवण. संध्याकाळी परतीच्या वाटेवर पुन्हा शिरवळच्या आसपास चहाला थांबू. रात्री साधारण साडेनऊला स्वारगेट. मधे कुणाला थांबायची गरज वाटली तर मला खुशाल सांगा, कारण विचारणार नाही. पाणी मात्र पीत राहा."

शेवटची दोन वाक्यं त्या आजींमुळे आली. ती म्हणताना मी माईक थोडा खाली घेते आणि मागच्या रांगांकडे बघते. ज्याला सांगायला संकोच वाटतो, तो माणूस बहुधा मागेच बसलेला असतो.

वेळ नेहमी घड्याळातली सांगा. "अर्धा तास थांबू" असं मी सुरुवातीला म्हणायचे. वेण्णा तलावाला एकदा सदतीस जणांना तसं सांगितलं. कुणी बस थांबल्यापासून अर्धा तास धरला, कुणी उतरल्यापासून, कुणी बोटीचं तिकीट मिळाल्यापासून. आम्ही साडेपाचऐवजी सहा वीसला निघालो. पावसाळ्याचे दिवस होते. पसरणी घाट उतरायला लागेपर्यंत अंधार आणि धुकं दोन्ही आले, आणि मामांनी सगळा घाट पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये उतरवला. कुणाला काही झालं नाही, पण ती पन्नास मिनिटं तलावावर वाया गेली नसती तर घाट उजेडात उतरला असता. तेव्हापासून मी म्हणते, "पाच पंचवीसला आपापल्या सीटवर, साडेपाचला बस हलणार." आणि ती वेळ उतरताना दारात उभी राहून प्रत्येकाला पुन्हा सांगते. "साडेपाच, काकू. साडेपाच, दादा." कंटाळवाणं वाटतं, पण याहून खात्रीचा उपाय मला अजून सापडलेला नाही.

सुरक्षेचे नियम मात्र मी पहिल्या बोलण्यात सगळे ओतत नाही. हायवेवर तीनच गोष्टी सांगते: आपत्कालीन दार कुठे आहे, काच फोडायची हातोडी कुठे लावली आहे, आणि चालत्या गाडीत मधल्या वाटेत उभं राहायचं नाही. पहिल्या दोन गोष्टी बोलून भागत नाही. मी चालत त्या दारापर्यंत जाते, हात लावून दाखवते, आणि शेजारच्या सीटवर बसलेल्या माणसाला विचारते, "दादा, वेळ आली तर हा खटका वर उचलायचा, जमेल ना?" सगळी बस त्याच्याकडे बघते, आणि दार कुठे आहे ते सगळ्यांना कळतं. प्रत्येक बसमध्ये हे दार वेगळ्या जागी असू शकतं, खटक्याचा प्रकारही वेगळा असतो. म्हणून प्रवासी चढायच्या आधी, डेपोतच, ते एकदा स्वतः उघडून बघा. एकदा मला ते दार मागे रचलेल्या बॅगांनी पूर्ण झाकलेलं सापडलं होतं. सुटायच्या आधी बघितलं म्हणून बॅगा हलवता आल्या.

बाकीचे नियम ज्या जागी लागतात त्या जागेच्या आधी सांगायचे. शिरवळला उतरताना सांगते, "हॉटेलच्या बाजूनेच उतरायचं, समोरच्या टपरीसाठी हायवे ओलांडायचा नाही." महाबळेश्वरच्या पॉइंटवर उतरताना माकडांचं सांगते: हातात खाऊ, पिशवी, उघडा डबा नको, मुलांच्या हातातलं कणीस आधी संपवा. आर्थर सीटला कठड्याच्या आतच थांबायचं, फोटोसाठीसुद्धा वर चढायचं नाही, हे मी बस थांबल्यावर, दार उघडायच्या आधी सांगते. दार उघडलं की कुणी ऐकत नाही.

आता पसरणी घाट. या सहलीत सगळ्यात जास्त लक्ष द्यावं लागतं ते इथे. वाई ते पाचगणी अंतर बारा-तेरा किलोमीटरच आहे, पण तेवढ्यात रस्ता सहाशे मीटरच्या आसपास वर चढतो, आणि वळणं एकामागून एक येतात. ज्यांना गाडी लागते त्यांना इथेच लागते. खंबाटकी चढताना काही होत नाही म्हणून लोक निर्धास्त होतात, आणि पसरणीत तिसऱ्या-चौथ्या वळणाला चेहरे पांढरे पडतात.

म्हणून घाटाचं बोलणं मी दोन तुकड्यांत करते. पहिला तुकडा शिरवळला नाश्त्याच्या आधी: "मंडळी, पुढे घाट आहे. ज्यांना गाडी लागते त्यांनी मिसळ, भजी टाळा. इडली, पोहे, चहा-बिस्किट चालेल. पण उपाशीही राहू नका. डॉक्टरांनी गोळी दिली असेल तर ती कधी घ्यायची ते त्यांनी सांगितल्याप्रमाणे आताच बघून ठेवा, घाटात घेतलेली गोळी उपयोगी पडत नाही." गोळी मी स्वतः कुणालाच देत नाही. कुणाला कसला त्रास आहे, कुणाचं कुठलं औषध चालू आहे, ते आपल्याला ठाऊक नसतं. तुम्हीही देऊ नका, कितीही आग्रह झाला तरी.

दुसरा तुकडा वाई सोडताना: "आता वीस-पंचवीस मिनिटं घाट. मोबाईल खाली ठेवा, पुस्तक बंद करा, समोर लांबवर रस्त्याकडे बघा. डोकं, हात खिडकीबाहेर काढू नका, समोरून येणारी गाडी वळणावर अगदी चिकटून जाते. मळमळ वाटली तर हात वर करा, मी पिशवी घेऊन येते. मामांशी घाटात कुणी बोलणार नाही, मीसुद्धा नाही." यानंतर मी माईक बंद करते आणि पाचगणीपर्यंत एक शब्दही बोलत नाही. माझ्याकडे वीस कागदी पिशव्या, ओले रुमाल आणि एक-दोन लिंबं असतात. पुढच्या दोन सीट मी बुकिंगच्या वेळीच मोकळ्या ठेवायला सांगते. कुणी खूप त्रासलं तर त्याला पुढे आणून बसवता येतं, कारण मागच्या चाकांवरच्या सीटवर झोके जास्त बसतात.

कोण त्रासणार हे ओळखायचं कसं? मुलं अचानक गप्प होतात. मोठी माणसं जांभया देतात, वारंवार थुंकी गिळतात, कपाळावर घाम येतो. ही लक्षणं दिसली की माणसाने हात वर करायची वाट बघू नका, पिशवी त्याच्या हातात द्या. हातात पिशवी असली की माणसाची निम्मी धास्ती जाते, आणि पुष्कळदा उलटी होतच नाही.

मोजणीबद्दलही सांगते, कारण तीही बोलण्याचाच भाग आहे. "सगळे आले का?" असं माईकवर विचारू नका. जो आला नाही तो उत्तर देणार नाही, आणि बाकीचे "हो" म्हणतील. मी सुरुवातीलाच सांगून ठेवते, "दर थांब्यावरून निघताना आपल्या शेजारी बघा. शेजारचं माणूस नसेल तर मला आवाज द्या." त्यानंतरही मी मागच्या रांगेपर्यंत चालत जाते आणि सीट मोजते, माणसं नाही. माणसं हलतात, सीट हलत नाही. रिकामी सीट कुणाची ते माझ्या यादीत लिहिलेलं असतं.

ढोल्या गणपतीची, पंचगंगेची माहिती मी आजही सांगते, पण ती त्या त्या जागी, पायऱ्यांवर उभी राहून. तिथे लोक कान देऊन ऐकतात, प्रश्न विचारतात.

परतीचं बोलणं नवीन गाईड हमखास विसरतात. दिवस संपला असं त्यांना वाटतं. खंबाटकीचा बोगदा ओलांडला की मी शेवटचा माईक घेते, तेव्हा अर्धी बस झोपलेली असते, म्हणून आवाज हळू: "मंडळी, साधारण अर्ध्या तासात चहाला थांबू. त्यानंतर आधी कात्रज, मग स्वारगेट. कात्रजला उतरणाऱ्यांनी चहानंतर पुढे येऊन बसावं. सीटखाली आणि वरच्या रॅकमध्ये एकदा बघून घ्या, छत्र्या आणि मुलांच्या चपला राहतात. घरून कुणी न्यायला येणार असेल तर चहाच्या थांब्यावरून फोन करा." मग मी पाचव्या रांगेपासून मागे एक फेरी मारते, आणि ज्यांच्या बाटल्या रिकाम्या दिसतात त्यांना पाणी देते.