केडीपीवर कादंबरी टाकण्याआधी: नाव, विभाग आणि सात पेट्या

केडीपी म्हणजे ॲमेझॉनवर स्वतःच पुस्तक प्रकाशित करण्याची सोय. तिचा फॉर्म उघडण्याआधी नाव, विभाग आणि कीवर्ड हे सगळं वेगळ्या फाइलमध्ये लिहून ठेवा. फॉर्मसमोर बसून सुचेल ते भरलं की पुस्तक चुकीच्या वाचकांसमोर जातं.

आधी नाव. मुखपृष्ठावर जे आहे तेच शीर्षकाच्या रकान्यात हवं, त्यात एकही जादा शब्द नको. समजा, आपल्या कादंबरीचं नाव आहे ‘दीपगृहातली तिसरी चावी’. एका बेटावर खून होतो आणि एक निवृत्त शिक्षिका त्याचा छडा लावते. नावातून गूढ कळतं, पण प्रकार कळत नाही. ते काम उपशीर्षकाचं. ‘बेटावरच्या खुनाची रहस्यकथा’ एवढं पुरे. शीर्षक आणि उपशीर्षक मिळून २०० अक्षरांची मर्यादा आहे म्हणून ती भरून काढायची नसते. ‘थरारक’, ‘बेस्टसेलर’ हे शब्द तिथे नकोतच. पुस्तक मालिकेतलं असेल तर मालिकेचं नाव आणि भाग क्रमांक यांसाठी वेगळा रकाना आहे.

विभाग तीन निवडता येतात. नुसत्या ‘कथासाहित्य’ या मोठ्या विभागावर थांबू नका, आत जाऊन रहस्यकथेचा जो उपविभाग गोष्टीला खरोखर लागू पडतो तो घ्या. गर्दी कमी दिसते म्हणून भलत्या विभागात शिरणं मला अजिबात पटत नाही. तिथे आलेल्या वाचकाची ती फसवणूक आहे.

जास्तीत जास्त वेळ कीवर्डना द्या. सात पेट्या असतात, प्रत्येकीत ५० अक्षरं मावतात. एकेक सुटा शब्द टाकण्यापेक्षा वाचक शोधताना टाइप करेल तसे दोन-तीन शब्द एकत्र लिहा. शीर्षकात किंवा विभागात आलेलं पुन्हा लिहून जागा घालवू नका. आपल्या कादंबरीसाठी ‘स्त्री गुप्तहेर’, ‘निवृत्त शिक्षिका’, ‘कौटुंबिक गुपित’, ‘वादळात अडकलेली माणसं’ आणि ‘जुन्या गुन्ह्याचा तपास’ या पाच पेट्या झाल्या. उरलेल्या दोन रोमन लिपीसाठी ठेवा, कारण अनेक मराठी वाचक `marathi detective novel` किंवा `marathi rahasya katha` असंच टाइप करतात. दुसऱ्या लेखकांची नावं, ‘मोफत’, ‘नवीन’, ‘किंडल अनलिमिटेड’ हे शब्द नियमात बसत नाहीत.

प्रत्येक कीवर्ड आधी दुकानाच्या शोधपट्टीत टाकून पाहा. पहिल्या पानावर आपल्या जातीची पुस्तकं आली तर तो ठेवा. ‘निवृत्त शिक्षिका’ टाकल्यावर शैक्षणिक पुस्तकं दिसली, तर ‘शिक्षिका गुप्तहेर’ असा बदल करून पुन्हा तपासा.

प्रकाशनानंतर पुस्तकाच्या पानावर कोणते विभाग दिसतात ते बघा. ई-बुकचे कीवर्ड आणि विभाग नंतर बदलता येतात. नावातली वेलांटी-उकार मात्र आजच कुणाकडून तरी तपासून घ्या.