गॉर्डन मॉडेलमधला g कुठून आणायचा?

फायनान्स शिकून नुकतीच रिसर्च डेस्कवर आलेली मुलं डिव्हिडंडवरून शेअरची किंमत काढणारं गॉर्डनचं कॉन्स्टंट ग्रोथ मॉडेल घडाघडा सांगतात. गणितही अचूक करतात, कारण परीक्षेत वाढीचा दर, म्हणजे g, प्रश्नातच छापलेला असतो. कामावर तो कोणी देत नाही. म्हणून नव्या मुलांना मी पहिल्याच आठवड्यात आयटीसीचे डिव्हिडंड काढायला बसवतो. डिव्हिडंड नियमित, धंदा जुना आणि स्थिर. या मॉडेलसाठी अगदी योग्य कंपनी, आणि तरीही g हाती लागता लागत नाही.

आधी सूत्र:

```
P0 = D0 * (1 + g) / (r - g)
```

P0 म्हणजे शेअरची आजची किंमत, D0 म्हणजे गेल्या पूर्ण वर्षाचा डिव्हिडंड, r म्हणजे या शेअरवर गुंतवणूकदाराला हवा असलेला वार्षिक परतावा आणि g म्हणजे डिव्हिडंड दरवर्षी किती टक्क्यांनी वाढेल तो दर. मायरन गॉर्डन यांनी 1950 च्या दशकात हे मॉडेल रूढ केलं, म्हणून त्यांचं नाव. यातली खरी अट अशी की हा g पाच-दहा वर्षांचा नाही, कायमचा आहे. पुढची सगळी चर्चा या एका अटीभोवती फिरते.

आता आकडे. आयटीसीचा प्रति शेअर डिव्हिडंड 2018-19 साली 5.75 रुपये, 2019-20 साली 10.15, मग 10.75, 11.50, 15.50, 13.75 आणि 2024-25 साली 14.35. हे आकडे कंपनीच्या जाहीर पत्रकांवरूनच घ्यावेत. अनेक वेबसाइट एक्स-डेटप्रमाणे, म्हणजे ज्या दिवसापासून शेअर त्या डिव्हिडंडशिवाय विकला जातो त्या तारखेप्रमाणे, गेल्या बारा महिन्यांची बेरीज दाखवतात. मे 2025 च्या मध्याला अशी बेरीज केली तर 2023-24 चा अंतिम 7.50 आणि 2024-25 चा अंतरिम 6.50 मिळून 14 रुपये येतात. म्हणजे दोन वेगवेगळ्या वर्षांचे तुकडे एकत्र जोडले जातात. 2024-25 चा खरा डिव्हिडंड 6.50 अधिक 7.85, म्हणजे 14.35.

या रांगेतून g काढायला सांगितलं की बहुतेक जण पहिला आणि शेवटचा आकडा घेऊन चक्रवाढ दर काढतात. सहा वर्षांत 5.75 चे 14.35 झाले, म्हणजे वर्षाला साधारण 16.5 टक्के. r 11 टक्के धरला असेल तर छेद ऋण होतो आणि शेअरची किंमत शून्याखाली जाते. इथे काही जण r वाढवून गणित जमवायला बघतात. तसं करू नये. उत्तर ऋण आलं म्हणजे g कायमचा नाही, एवढंच मॉडेल सांगतं आहे. कारण शोधायला गेलं की ते लगेच सापडतं. 2020 मध्ये कंपनीने धोरण बदलून नफ्यातला 80 ते 85 टक्के भाग वाटायचं ठरवलं. 5.75 वरून 10.15 ही उडी धंदा वाढल्याची नाही, वाटा वाढल्याची आहे. 85 टक्के वाटणारी कंपनी पुन्हा तशी उडी मारू शकत नाही.

म्हणून सुरुवात 2019-20 पासून करायची. तिथेही एक खड्डा आहे. 2022-23 च्या 15.50 मध्ये 2.75 रुपये विशेष डिव्हिडंड होता. तो धरून तीन वर्षांची वाढ 15.2 टक्के दिसते. वगळला तर 12.75 उरतात आणि वाढ 7.9 टक्के. तो वगळला की पुढच्या वर्षीचे 13.75 ही घट न राहता वाढ होते आणि सगळी रांग सरळ दिसू लागते. 10.15 पासून 14.35 पर्यंत पाच वर्षांचा दर येतो 7.2 टक्के. मला विश्वास ठेवण्याजोगा वाटतो तो हाच.

पण इतिहासावर थांबू नये. दुसऱ्या वाटेने पडताळणी करायची: नफ्यातला जो भाग कंपनी ठेवून घेते त्याला इक्विटीवरच्या परताव्याने गुणायचं. आयटीसी साधारण 15 टक्के नफा ठेवते आणि इक्विटीवर 28 टक्क्यांच्या आसपास कमावते, म्हणजे g सुमारे 4.2 टक्के. इथे 2024-25 चा नफा जसाच्या तसा घेऊ नका. हॉटेल व्यवसाय वेगळा झाल्यामुळे त्या वर्षी सुमारे 15 हजार कोटींचा एकवेळचा हिशेबी नफा जमा झाला आहे. तो धरला तर कंपनी निम्माच नफा वाटते असं दिसेल आणि g उगाचच तिपटीने फुगेल.

आता 7.2 आणि 4.2 यांत खरं कुठलं? दुसरं सूत्र असं मानतं की वाढ फक्त धंद्यात घातलेल्या नव्या भांडवलातून येते. सिगारेटच्या धंद्यात नवं भांडवल फारसं न घालता भाव वाढवून नफा वाढतो, म्हणून ते आयटीसीला थोडं कमी लेखतं. उलट, भाववाढ सरकारी कराच्या मर्जीवर असल्याने 7.2 टक्के कायमचे धरणंही धाडसाचं आहे. वरची मर्यादा म्हणून मी दहा वर्षांच्या सरकारी रोख्यांचा दर बघतो, अर्थव्यवस्थेच्या दीर्घकालीन वाढीचा ढोबळ अंदाज म्हणून. मे 2025 मध्ये तो सव्वासहा टक्क्यांच्या आसपास होता. कायमची वाढ त्याच्या फार वर ठेवली तर एक कंपनी हळूहळू सगळ्या अर्थव्यवस्थेपेक्षा मोठी होत जाते असं मानल्यासारखं होतं. म्हणून मी 6 टक्के धरतो. रोख्यांच्या दरावर पाचेक टक्के जोखमीचे चढवले की r साधारण 11 टक्के येतो.

6 टक्क्यांना किंमत येते 304 रुपये. 7 टक्क्यांना 384, 8 टक्क्यांना 517 आणि 4 टक्क्यांना 213. एकेका टक्क्याने भाव असा का उसळतो ते छेद पाहिला की कळतं: 6 वरून 7 ला जाताना छेद पाचाचा चार होतो, 7 वरून 8 ला चाराचा तीन. फरक जितका लहान, तितका पुढचा टक्का महाग. r आणि g मधलं अंतर तीन टक्क्यांच्या खाली गेलं की मी त्या उत्तराला किंमत म्हणत नाही.

म्हणून एकच आकडा अहवालात टाकण्यापेक्षा गणित उलटं फिरवावं. भाव बाजारातून घ्यायचा आणि g काढायचा:

```
g = (P * r - D0) / (P + D0)
```

भाव 425 धरू. 425 गुणिले 0.11 म्हणजे 46.75, त्यातून 14.35 गेले की 32.40; त्याला 439.35 ने भागलं की 7.4 टक्के. म्हणजे 425 ला शेअर घेणारा माणूस डिव्हिडंड कायम 7.4 टक्क्यांनी वाढेल असं मानतो आहे, निदान 11 टक्के परतावा हवा असेल तर. 10 टक्क्यांवर त्याचं समाधान असेल तर 6.4 टक्के वाढही पुरते. हा खरेदी-विक्रीचा सल्ला नाही, पण चर्चा आता मुद्द्यावर येते. 85 टक्के नफा वाटून टाकणाऱ्या कंपनीला 7.4 टक्के वाढ आणायची तर ती सिगारेटच्या भावातून, एफएमसीजीच्या वाढत्या मार्जिनमधून किंवा वाटा कमी करून जास्त पैसा धंद्यात घालण्यातून यावी लागेल. यातला तिसरा मार्ग धरला तर आजचा D0 च कमी होतो, म्हणून तो वेगळ्या ओळीत मांडून पाहायचा. पहिल्या दोन मार्गांसाठी गेल्या पाच वर्षांचे सेगमेंटचे आकडे उघडायचे.